लग्नाचा व्हिडिओ: उशीर, रॉ फुटेज आणि जादा तास. ग्राहकाला पाठवायचं पत्र वाचून सांगाल का?

दोन_कॅमेरे

मंडळी, मी लग्नांचं चित्रीकरण करतो. मी, एक मदतनीस आणि दोन कॅमेरे एवढाच पसारा. एडिटिंगही माझं मीच करतो. एका जोडप्याच्या लग्नाला सहा आठवडे झाले आणि काल त्यांचा मेसेज आला. तीनच प्रश्न आहेत. फिल्म कधी मिळणार? तोपर्यंत सगळं रॉ फुटेज पेन ड्राइव्हवर द्या, ते आमचंच आहे ना? आणि बिलात दोन तास जादा कशाचे लावले?

मेसेज रागाचा नाही, पण त्यात थोडी नाराजी जाणवते. उत्तर फोनवर न देता लेखी द्यावं म्हणून हे पत्र लिहिलं:

> नमस्कार. दर्जेदार एडिटिंगला वेळ लागतो याची कृपया नोंद घ्यावी. फिल्म आठ ते दहा आठवड्यांत मिळेल. मात्र गाण्यांची निवड आपल्याकडून १९ दिवस उशिरा आल्याने मुदतीत तेवढे दिवस वाढतील. रॉ फुटेज देणे आमच्या धोरणात बसत नाही. हवे असल्यास त्याचे वेगळे शुल्क आकारले जाईल. कार्यक्रम लांबल्याने आमची टीम रात्री ९:४० पर्यंत थांबली होती, सबब दोन तासांचे जादा शुल्क लागू आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद.

बायकोने वाचलं आणि म्हणाली, थकबाकीची नोटीस वाटते. कोटेशनमध्ये काय होतं तेही सांगतो: दुपारी १२ ते रात्री ८ चित्रीकरण, एक पाच-सहा मिनिटांची फिल्म, एक साधारण ५० मिनिटांची, 'दहा आठवड्यांत', आणि जादा तासाचा दर. रॉ फुटेजबद्दल त्यात एक अक्षरही नाही. चूक माझीच.

हिशेबनीस

माझा तुमच्या धंद्याशी संबंध नाही, पण पत्र वाचता येतं. 'धोरणात बसत नाही' आणि लगेच पुढच्या ओळीत 'हवे असल्यास शुल्क'. म्हणजे बसतंय की नाही? ग्राहक याचा अर्थ एवढाच लावणार की पैसे दिले की धोरण वाकतं.

आणि 'सबब' काढा हो. लग्न झालंय त्यांचं, खटला नाही.

रात्रपाळी

रॉ फुटेज दिलं तरी त्यांच्याकडे उघडणारच नाही. रॉ फॉरमॅटला खास सॉफ्टवेअर लागतं. तेवढंच कळवा, विषय संपला.

तिपाई

रात्रपाळी, निम्मं बरोबर. लग्नवाले 'रॉ' म्हणतात ते फोटोग्राफीतलं रॉ नव्हे. कॅमेऱ्यातून जसं निघालं तसं, न कापलेलं, एवढाच अर्थ. फाइली साध्या एमपी४ असतात. पण त्या दहा बिट एच.२६५ मध्ये असल्या, तर बऱ्याच टीव्हींवर आणि जुन्या लॅपटॉपवर अडकत चालतात किंवा नुसता आवाज येतो. तेव्हा 'उघडणारच नाही' असं लिहू नका. त्यांच्या एखाद्या मित्राच्या कंप्युटरवर उघडली की तुम्ही खोटे ठरलात.

आता धागाकर्ते, तुमच्याकडे वळतो. मी बरीच वर्षं याच कामात आहे, त्यामुळे जरा स्पष्ट बोलतो, हलके घ्या.

ते १९ दिवस. गाणी आली त्या दिवशी तुम्ही त्यांच्या फुटेजला हात लावला होता का? खरं सांगा. तुमच्या आधीच्या लग्नांची रांग असणार. गाणी यायची वाट बघत तुमचं काम खरंच थांबलं असेल तरच ते दिवस वाढवता येतात. शिवाय कोटेशनमध्ये नुसतं 'दहा आठवड्यांत' आहे. कुणीही ते लग्नाच्या दिवसापासूनच मोजणार. 'गाणी मिळाल्यापासून' हे तुमच्या मनात होतं, कागदावर नव्हतं.

आणि ९:४०. शेवटची क्लिप किती वाजताची आहे ते कार्डावर बघून इथे लिहा.

दोन_कॅमेरे

बघितलं. शेवटची क्लिप ९:१० ला संपते. पुढचा अर्धा तास दिवे, स्टँड, वायरी आवरण्यात गेला.

गाण्यांचंही खरंच आहे. ती पाचव्या आठवड्यात आली आणि मी तेव्हा दुसऱ्याच लग्नावर बसलो होतो. यांचं काम सातव्या आठवड्यात, म्हणजे या सोमवारी हातात घेतोय.

तिपाई

मग आवराआवरीचे पैसे मागू नका. सकाळी सामान लावायला आलात त्याचे मागितले का? नाही ना. चित्रीकरण ८ ला संपायचं ते ९:१० ला संपलं, म्हणजे जादा वेळ एक तास दहा मिनिटं. दोन तास कुठून आले?

एक सूचना, कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं ना तेही तपासा. माझ्या दुसऱ्या कॅमेऱ्याचं घड्याळ एकदा तासभर पुढे होतं आणि मी त्याच वेळा दाखवून ग्राहकाशी वाद घालत होतो. अजून आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात.

जुनीकॅसेट

छान धागा. माझ्याकडे आमच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे, तिला पांढरी बुरशी लागली आहे. यातलं रॉ फुटेज काढून मिळेल का? किती दिवस लागतील?

दोन_कॅमेरे

जुनीकॅसेट, तुमच्या कॅसेटवर आहे ते एडिट केलेलंच असणार, रॉ बहुधा तेव्हाच पुसलं गेलं असेल. पण बुरशी लागलेली कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नका. ती बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही खराब होतात. वेगळा धागा काढा, सांगणारे लोक आहेत इथे.

धाकटी_बहीण

मी गिऱ्हाईकाच्या बाजूने लिहिते. आम्ही भांडून रॉ फुटेज घेतलं होतं. हार्ड डिस्क घरी आणली, लावली. चारशेच्या वर क्लिपा, नावं C0001.MP4, C0002.MP4 अशी. पहिली उघडली तर सगळं करडं, फिकट, धुक्यात काढल्यासारखं. नवरा म्हणाला, यांचा कॅमेराच भंगार होता. दुसरीत तेवीस सेकंद कुणाचे तरी बूट. भाषणाच्या क्लिपेत भाषण लांबून कुठून तरी ऐकू येतंय आणि पंख्याची घरघर जवळून. दहा-बारा बघितल्या आणि बंद केलं. तीन वर्षं झाली, डिस्क कपाटात आहे.

आम्हाला खरं तर फक्त बाबांनी म्हटलेलं गाणं पूर्ण हवं होतं, फिल्ममध्ये त्याच्या दोनच ओळी होत्या. पण हे असं मागता येतं हे कुठे माहीत होतं! 'सगळं द्या' एवढंच सुचलं.

तिपाई

धाकटी_बहीण, कॅमेरा भंगार नव्हता. पुढे रंग नीट करता यावेत म्हणून मुद्दाम फिकट चित्रण करतात, त्याला लॉग म्हणतात. आवाज लांबून येत होता कारण खरा आवाज बहुतेकदा कॅमेऱ्यात नसतोच. तो कॉलरला लावलेल्या माइकमधून वेगळ्या रेकॉर्डरमध्ये जातो. कॅमेऱ्यातला आवाज पुढे दोन्ही जुळवण्यापुरता. तुम्हाला बहुधा त्या रेकॉर्डरच्या फाइली दिल्याच नसतील, आणि दिल्या असत्या तरी जुळवणार कोण? दोघांची घड्याळं किंचित वेगळ्या वेगाने चालतात. तासाभराच्या सलग रेकॉर्डिंगमध्ये चार-पाच फ्रेमचा फरक सहज पडतो. सुरुवातीला जुळवलेलं बोलणं शेवटाकडे ओठांच्या मागे-पुढे व्हायला लागतं.

धागाकर्ते, पत्र पाठवण्याआधी हिने सांगितलं ते त्यांना विचारा: फिल्ममध्ये सुटेल अशी भीती नक्की कशाची वाटते?

रात्रपाळी

पण मुळात पैसे त्यांनी दिलेत तर फुटेज त्यांचंच ना? फोटोवाला निगेटिव्ह ठेवून घेतो का?

हिशेबनीस

पूर्वी फोटोवाले निगेटिव्ह ठेवूनच घ्यायचे. म्हणून तर जादा प्रतीसाठी त्याच स्टुडिओत जावं लागायचं.

तिपाई

मालकीचा कायदा सगळ्या देशांत सारखा नाही. कुठे करारात वेगळं लिहिलं नसेल तर पैसे देऊन करवून घेणारा पहिला मालक ठरतो, कुठे चित्रण करणारा. म्हणून तर कोटेशनमध्ये लिहायचं असतं. इथे लिहिलेलं नाही, तेव्हा 'आमचं धोरण आहे' हे लग्नानंतर सहा आठवड्यांनी सांगता येणार नाही. आज ठरवलेल्या नियमाला धोरण म्हणत नाहीत. देणार असाल तर कॉपी करायला लागणाऱ्या वेळेपलीकडे काही मागू नका, असं माझं मत.

दोन_कॅमेरे

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. पैशांचं सोडा, मला दुसरीच काळजी आहे. कॉलरचा माइक नवऱ्याला दुपारी लावला तो रात्रीच काढला. मधे मधे तो बंद करायचं राहून गेलं. त्यात घरच्यांची खाजगी बोलणी आहेत, एका पाहुण्याबद्दल फार वाईट बोललेलं आहे. त्या पाहुण्याच्या हातात ती हार्ड डिस्क गेली तर? फिल्म करताना मी ते कापतो. रॉ देताना कोण कापणार?

हिशेबनीस

हे पत्रात लिहाल? कसं लिहाल?

तिपाई

मुद्दा खरा आहे. मी स्वतः आवाजाच्या फाइली देत नाही, फक्त कॅमेऱ्याच्या देतो. पण कॅमेऱ्यालाच वायरलेस माइक जोडलेला असला तर तीही सोय राहत नाही. यावर मलाही अजून चांगला तोडगा सापडलेला नाही.

दोन_कॅमेरे

जोडप्याला फोन केला. 'सगळं कशासाठी हवंय' असं न विचारता, 'फिल्ममध्ये काय सुटलं तर वाईट वाटेल?' असं विचारलं. वधूने क्षणभरही विचार केला नाही. म्हणाली, आजीचं भाषण. आजीची तब्येत बरी नाही, तिला ते पूर्ण बघायचंय. तपासलं तर ते १४ मिनिटांचं आहे, दोन्ही कॅमेऱ्यांत आहे आणि आवाजही स्वच्छ आहे. माझ्या मोठ्या फिल्ममध्ये त्यातली दीड मिनिटं जाणार होती.

नवरा मात्र म्हणाला, तरी रॉ द्याच, पुढेमागे लागलं तर.

काल रात्री नवीन पत्र लिहिलं. आकडे वहीतून काढले आहेत, अंदाजे नाहीत.

> तुम्हा दोघांना नमस्कार.
>
> कालच्या बोलण्याप्रमाणे तिन्ही प्रश्नांची उत्तरं लिहून देतो.
>
> फिल्म कधी. पुढच्या महिन्याच्या १२ तारखेला दोन्ही फिल्म बघण्यासाठी लिंक पाठवीन. तुम्ही १६ पर्यंत बदल सांगितलेत तर १९ ला अंतिम प्रत देईन. तेव्हा लग्नाला बरोबर दहा आठवडे होतील. तुमच्या फिल्मचं काम साधारण ६९ तासांचं आहे. त्यातले दहा तास तर सगळं फुटेज एकदा बसून बघण्यातच जातात. आठवड्याला मी २५ तास एडिटिंग करू शकतो, बाकी वेळ चित्रीकरणात जातो. गेले सहा आठवडे तुमच्या आधीच्या लग्नांचं काम चालू होतं, तुमचं या सोमवारी सुरू होतंय. हे मी आधीच कळवायला हवं होतं. गाणी उशिरा आली त्यामुळे काहीही अडलेलं नाही.
>
> आजींचं भाषण. १४ मिनिटांचं पूर्ण भाषण, रंग आणि आवाज नीट करून, या रविवारी वेगळं पाठवतो. फोनवर आणि टीव्हीवर चालेल अशी फाइल असेल. याचे पैसे नाहीत.
>
> रॉ फुटेज. कोटेशनमध्ये मी याबद्दल काही लिहिलं नव्हतं, म्हणून आता नकार देत नाही. दोन्ही कॅमेऱ्यांचं मिळून १० तास २० मिनिटांचं, सुमारे ४६५ जीबी आहे. नेहमीच्या पेन ड्राइव्हवर मावणार नाही, नवी १ टीबीची हार्ड डिस्क आणून द्यावी लागेल. ती मी exFAT मध्ये फॉरमॅट करून देईन, म्हणजे कुठल्याही कंप्युटरला चालेल. चित्र फिकट दिसेल, ते बिघडलेलं नाही, रंग करण्याआधी तसंच असतं. काही टीव्हींवर फाइली चालणार नाहीत. कॉलरच्या माइकचं वेगळं रेकॉर्डिंग त्यात नसेल. तो माइक दिवसभर चालू होता आणि त्यात कार्यक्रमाबाहेरचं बोलणंही आलं आहे. अंतिम प्रत दिल्यावर तीन महिने सगळं फुटेज माझ्याकडे दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवलेलं असेल. नंतर पुसावं लागेल, म्हणून त्याआधी डिस्क द्या.
>
> जादा वेळ. बिलात दोन तास लावले ते चुकलं. शेवटचं चित्रण ९:१० ला संपलं, तेव्हा एक तासच धरतो. सुधारित बिल जोडलं आहे.
>
> यापुढे पैसे लागतील अशी एकच गोष्ट आहे. बदलांची एक फेरी ठरलेल्या रकमेतच आहे. कुणाचा चेहरा राहिला, नाव चुकलं, अमुक क्षण नको, सगळं सांगा. पण छोट्या फिल्मचं गाणंच बदलायचं ठरलं तर ती जवळजवळ नव्याने करावी लागते, कारण प्रत्येक दृश्य त्या गाण्याच्या ठेक्यावर कापलेलं असतं. तसं वाटलं तर काम सुरू करण्याआधी रक्कम कळवीन.

हिशेबनीस

आता माणसाने लिहिल्यासारखं वाटतंय. एक शंका, ती वरची दहा मिनिटं सोडलीत ते ठीक, पण थांबायला सांगितलं कोणी? नवरा-नवरीने की एखाद्या काकांनी? काकांनी सांगितलं असेल तर बिल नवरा-नवरीला कसं?

दोन_कॅमेरे

काकांनीच. नवऱ्याच्या समोर, पण त्याचं लक्ष होतं की नाही कोण जाणे.

तिपाई

हा वाद नेहमीचा आहे. मी हल्ली आठला दहा मिनिटं कमी असताना नवऱ्याला किंवा नवरीलाच मेसेज टाकतो: 'आठला थांबू की पुढे एक तास करू?' 'पुढे करा' असं उत्तर आलं तर चित्रीकरण चालू ठेवतो, नाही आलं तर सामान आवरतो. लग्नाच्या गडबडीत मेसेज कोण बघतं म्हणाल, तर हो, दोनदा असा चांगला नाच हुकलाय माझा.

पत्राबद्दल. 'दोन वेगळ्या ठिकाणी' लिहिलंत ते खरं आहे ना? एकाच टेबलावरच्या दोन डिस्क म्हणजे दोन ठिकाणं नव्हेत. आणि कॉपी केल्यावर फाइलींची संख्या आणि आकार जुळवून बघा, नुसतं 'कॉपी झाली' यावर जाऊ नका. अर्धवट कॉपी झालेली शेवटची क्लिप नेमकी निरोपाची असते.

धाकटी_बहीण

'माइक दिवसभर चालू होता' हे वाचून ते घाबरतील ना? मी घाबरले असते. मला वाटतं ती ओळ काढावी, फक्त 'आवाजाचं वेगळं रेकॉर्डिंग नसेल' पुरे.

रात्रपाळी

उलट, न सांगणं जास्त वाईट. पुढे कळलं तर?

तिपाई

मी रात्रपाळीच्या बाजूने. पण वाक्य मऊ करा.

दोन_कॅमेरे

दुसरी डिस्क भावाकडे असते, म्हणजे खरंच दुसरं ठिकाण आहे. माइकची ओळ ठेवली. फक्त 'दिवसभर' काढून 'मधल्या वेळातही चालू राहिला होता' केलं. दुपारी पाठवलं.

दोन_कॅमेरे

उत्तर आलं. तारखा मान्य, बिल मान्य. आजीच्या भाषणाबद्दल वधूने वेगळा मेसेज करून आभार मानलेत. हार्ड डिस्क नवरा शनिवारी आणून देणार आहे.

खाली त्याचा एक प्रश्न आहे: 'त्या माइकवर मधल्या वेळातलं नक्की काय काय आलंय? आणि ते तुमच्याशिवाय कुणी ऐकलंय का?'

मदतनीसाने ऐकलंय. आवाज जुळवायचं काम त्याचं असतं. काय लिहू?